विश्लेषण: रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केलं, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, पण त्या फोटोतून काय गळून पडलं?

वरोरा, भद्रावती, चिमूर या पट्ट्यात रानडुक्कर आणि रोही यांचा त्रास नवा नाही. पेरणीनंतर उगवलेलं सोयाबीन असो की घाट्यावर आलेला हरभरा, एका रात्रीत अर्धा एकर साफ झालेला शेतकरी इथे गावोगाव भेटतो. नवं आहे ते पीकविम्याच्या नियमात. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय कृषी मंत्रालयाने जाहीर केलं की, प्रधानमंत्री पीकविमा योजनेत वन्यप्राण्यांमुळे झालेलं नुकसान हे 'स्थानिक जोखीम' या गटात जोडसंरक्षण म्हणून घेतलं जाईल. धान पाण्याखाली जाण्याची जोखीमही पुन्हा योजनेत आली. अंमल २०२६ च्या खरिपापासून. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे हे ठरवून अधिसूचित करायचं काम राज्य सरकारचं, त्यामुळे आपलं पीक आणि आपला तालुका त्या यादीत बसतो का, हे आधी तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्यावं.

या घोषणेतली एक अट मात्र थेट आपल्या हातातल्या मोबाइलशी जोडलेली आहे. नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत 'क्रॉप इन्शुरन्स' अ‍ॅपवर कळवायचं आणि सोबत जिओटॅग असलेले फोटो जोडायचे. म्हणजे असा फोटो, ज्याच्या पोटात तो कुठे काढला याची नोंद आहे.

आता गावातली रीत बघा. शेतकरी शेतात फोटो काढतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मुलाला, सेवा केंद्रवाल्याला किंवा कृषी सहायकाला पाठवतो. पुढचं काम तो करेल, असा हिशेब. घोटाळा नेमका इथेच होतो.

फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप त्याचं काय करतं?

दोन गोष्टी करतं. पहिली सगळ्यांना ढोबळमानाने माहीत आहे: फोटो लहान करतं. साध्या अँड्रॉइड फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो सुमारे ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो आणि त्याची फाइल तीन ते पाच एमबीची. 'स्टँडर्ड' दर्जात पाठवला की लांब बाजू साधारण दीड-दोन हजार ठिपक्यांवर येते आणि फाइल काहीशे केबी उरते. क्षेत्रफळाने पाहिलं तर चार-सहा ठिपक्यांच्या जागी एकच ठिपका राहिला. चेहरा, वाढदिवसाचा केक, नवीन बैलजोडी यांसाठी एवढं पुरतं. पण उपटलेल्या रोपाच्या मुळाशी असलेली दातांची खूण किंवा ओल्या मातीतला खुराचा ठसा मोठा करून पाहायचा असेल, तर तिथे नुसता तपकिरी पुंजका दिसतो.

दुसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. फोटोच्या फाइलमध्ये चित्राशिवाय एक छोटी चिठ्ठीही असते. त्यात फोन कोणता, फोटो कोणत्या तारखेला किती वाजता काढला, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. जिओटॅग म्हणजे ही चिठ्ठीच. व्हॉट्सअ‍ॅपवर 'फोटो' म्हणून पाठवलं की चित्र पोचतं, अक्षांश-रेखांश पोचत नाहीत. यात कंपनीचा काही डाव नाही. उलट, घरात काढलेला मुलीचा फोटो गटात टाकला तर दोनशे लोकांना आपल्या घराचा पत्ता कळू नये, यासाठी ही चांगलीच सोय आहे. शेताच्या पुराव्यात मात्र तीच सोय अंगावर येते.

हे ओळखायची खूण सोपी आहे. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपमधून आलेल्या फोटोच्या नावात WA ही अक्षरं असतात, उदाहरणार्थ `IMG-20260714-WA0003.jpg`. त्या नावातली तारीखसुद्धा फोटो काढल्याची असेलच असं नाही. गॅलरीत फोटो उघडून 'तपशील' पाहिला आणि तिथे नकाशा किंवा ठिकाण नसेल, तर चिठ्ठी गळालेली आहे असं समजा. एकदा गळालेली चिठ्ठी परत येत नाही. आलेला फोटो मुलाने पुढे कितीही चांगल्या दर्जात पाठवला तरी उपयोग नाही, कारण त्याच्याकडे मूळ फोटो नाहीच.

मग HD दाबलं की झालं का?

नाही, आणि गैरसमज सगळ्यात जास्त इथेच आहे. व्हॉट्सअ‍ॅपने ऑगस्ट २०२३ मध्ये फोटो HD पाठवायची सोय दिली. फोटो निवडल्यावर वरच्या बाजूला HD असं बटण दिसतं. दर वेळी दाबायचा कंटाळा असेल तर `Settings → Storage and data → Media upload quality` इथे जाऊन कायमचा HD पर्याय निवडता येतो. याने ठिपके बरेच जास्त पोचतात आणि खुराचा ठसा मोठा करून पाहण्याजोगा राहतो. फाइलही त्या प्रमाणात वाढते, बहुतेक वेळा एक एमबीच्या आसपास किंवा वर. पण HD म्हणजे मूळ फोटो नव्हे. तोही दाबून लहान केलेलाच असतो, आणि त्यातूनही ठिकाणाची चिठ्ठी जात नाही.

मूळ फाइल जशीच्या तशी पाठवायचा रस्ता वेगळा आहे. गप्पांच्या पानावर कागद जोडायच्या खुणेवर जाऊन 'फोटो' ऐवजी `Document` निवडायचं, मग `Browse other docs` मधून कॅमेऱ्याच्या फोल्डरातला फोटो शोधून पाठवायचा. अशी फाइल २ जीबीपर्यंत जाऊ शकते आणि तिला व्हॉट्सअ‍ॅप दाबत नाही. समोरच्याला ती चित्रासारखी न दिसता फाइलच्या नावानं दिसते. म्हणून 'उघडत नाही' असा फोन येतो, पण एकदा बोट लावलं की उघडते.

इथे एक अडचण आहे. अँड्रॉइड १० पासून फोनची स्वतःचीच एक रखवाली आहे: गॅलरीतून फोटो उचलणाऱ्या अ‍ॅपला वेगळी परवानगी नसेल तर फोनच ठिकाण झाकून देतो. त्यामुळे डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोतही काही फोनवर ठिकाण राहत नाही. गॅलरीचा रस्ता सोडून फाइलच्या फोल्डरातून घेतलं तर ते राहण्याची शक्यता जास्त. खात्रीचा उपाय एकच: आधी एक फोटो पाठवा, समोरच्याला 'तपशील' उघडून नकाशा दिसतो का ते विचारा आणि मगच बाकीचे पाठवा. हे काम वादळानंतर नाही, आज करून ठेवायचं.

अर्थात विम्यासाठी सर्वांत सरळ मार्ग म्हणजे मधे व्हॉट्सअ‍ॅप न आणणं. शेतकऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर अ‍ॅप असेल तर बांधावर उभं राहून अ‍ॅपमधूनच फोटो जोडणं बरं. शिवाय १४४४७ या मदतक्रमांकावर फोन करून नुकसान कळवता येतं. तिथे मिळालेला नोंद क्रमांक वहीत उतरवून घ्यावा. वनविभागाची पीक नुकसानभरपाई हा वेगळा विषय आहे. तिथे पंचनामा होतो, पण फोटो तिथेही मागितला जातोच.

फोटोवर ठिकाण छापणारे कॅमेरे पुरतात का?

ग्रामपंचायतीची कामं असोत की पंचनामे, हल्ली फोटोच्या खालच्या कोपऱ्यात नकाशा, तारीख आणि अक्षांश-रेखांश छापलेले दिसतात. जीपीएस मॅप कॅमेरासारख्या अ‍ॅपचं हे काम. यात ठिकाण चिठ्ठीत नाही तर चित्रातच लिहिलं जातं, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप ते काढू शकत नाही. इथे मात्र दर्जाचा प्रश्न खरा होतो. बारीक आकडे स्टँडर्डमध्ये पुसट होतात, आणि अक्षांशातला चौथा आकडा ३ आहे की ८ हे कळलं नाही तर ठिकाण पन्नासेक मीटरने हलतं. आपल्याकडच्या दीड-दोन एकरांच्या तुकड्यांत तेवढं अंतर म्हणजे शेजाऱ्याचा गट. म्हणून असा फोटो HD नेच पाठवावा. आणि छापील ठिकाण बनावटही करता येतं, त्यामुळे जिथे जिओटॅग मागितला आहे तिथे हा फोटो जोडीला चालेल, बदल्यात चालेलच असं धरू नये.

त्याआधीची एक पायरी विसरू नका. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन जोडायचा पर्याय चालू नसेल, तर मूळ फोटोतही चिठ्ठी कोरीच असते. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, उपग्रह दिसले की पुरतं. मात्र नेटवर्क नसेल तर फोनला आपली जागा शोधायला जास्त वेळ लागतो. शेतात पोचल्यावर मोकळ्या आभाळाखाली मिनिटभर थांबून, नकाशा उघडून निळा ठिपका आपल्या बांधावर आला की मग फोटो काढावेत.

रील चालते, मग फोटो का जात नाही?

जंगलालगतच्या गावांत हा प्रश्न रोजचा आहे. मोबाइलच्या पडद्यावर व्हिडिओ सुरू असतो आणि त्याच वेळी फोटोवरचं गोल चक्र फिरत राहतं. कारण जायची आणि यायची वाट सारखी नसते. टॉवर दहा-वीस वॉटच्या ताकदीने बोलतो, तर ४जी फोनला जास्तीत जास्त पाव वॉटपेक्षाही कमी, म्हणजे ०.२ वॉट ताकद मिळते. टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत येतो, आपला त्याच्यापर्यंत पोचत नाही. मधे सागाचं रान आणि पावसाळ्यातली ओली पानं असतील तर अजूनच अवघड. दोन काड्या दिसत असूनही फोटो अडकतो तो यामुळे. घराच्या माडीवर किंवा गावाबाहेरच्या उंचवट्यावर गेल्यावर तो सटकन जातो, यामागेही हेच.

गडचिरोलीच्या भामरागड, एटापल्लीकडे अडचण याहून मुळातली आहे, तिथे प्रश्न टॉवर असण्याचाच होता. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांत ४जी पोचवायला २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले आणि काम बीएसएनएलकडे दिलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नक्षलग्रस्त भागातले २,३४३ जुने २जी टॉवर ४जी करायलाही मंजुरी मिळाली होती. टॉवर आला तरी शेत आणि टॉवर यांतलं अंतर उरतंच.

दिवसाचा डेटा संपला तर?

आता एक हिशेब करू. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २९९ रुपयांच्या घरात गेला. दिवसाचा कोटा संपला की बहुतेक पॅकमध्ये नेट बंद पडत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. या आकड्यातला 'बी' म्हणजे बाइट नव्हे, बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून खरा वेग सेकंदाला ८ किलोबाइट.

समजा शेगाव बुद्रुककडच्या एका शेतकऱ्याचा कोटा संध्याकाळी संपला आहे आणि रात्री डुकरं येऊन गेल्याचं त्याला अकराच्या सुमारास कळलं. स्टँडर्ड दर्जाचा २०० केबीचा फोटो या वेगाने २५ सेकंदांत जाईल. एक एमबीचा HD फोटो सव्वादोन मिनिटांच्या आत जाईल. चार एमबीची मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर साडेआठ मिनिटं लागतील. असे सहा फोटो म्हणजे पाऊण तासाच्या वर, तेही मधे काही तुटलं नाही तर. आणि हौसेने काढलेला मिनिटभराचा व्हिडिओ मूळ रूपात शंभर एमबीच्या वर असतो. तो पाठवायला बसला तर साडेतीन तास. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं, साध्या दर्जात बराच, HD मध्ये थोडा कमी, म्हणून एरवी तो जातो. पण मग त्यात पुरावा म्हणून बघण्यासारखं फार उरत नाही. माझं मत विचाराल तर नुकसानीच्या नोंदीत व्हिडिओपेक्षा चार स्थिर फोटो केव्हाही चांगले.

या हिशेबाचा अर्थ असा की घाई करायचं कारण नाही. मुदत ७२ तासांची आहे आणि कोटा मध्यरात्रीनंतर पुन्हा मिळतो. रात्री फक्त एक-दोन साधे फोटो पाठवून खबर द्यावी. सकाळी उजेडात लोकेशन चालू करून फोटो काढावेत आणि मूळ फायली पूर्ण वेगात पाठवाव्यात. तोवर मूळ फोटो फोनमधून पुसले जाणार नाहीत याची काळजी घ्यावी. मेमरी भरली की पोरं जुने फोटो साफ करतात, त्यात पुरावाही जातो.

कॉलमध्ये डेटा वाचवायचा पर्याय खरंच उपयोगी आहे का?

खबर द्यायची म्हणजे फोनही आला. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये `Settings → Storage and data → Use less data for calls` असा पर्याय आहे. तो चालू केला की अ‍ॅप आवाज आणि चित्र कमी डेटात बसवतं, बदल्यात स्पष्टपणा थोडा कमी होतो. याचा फरक कुठे पडतो आणि कुठे नाही, हे समजून घेतलं तर उपयोग आहे.

आवाजाला मुळातच फार कमी जागा लागते. बोलणं सेकंदाला सहा किलोबिट एवढ्या अरुंद पाइपातूनही नेता येतं. जून २०२४ मध्ये मेटाने यासाठी 'एमलो' नावाची आवाज दाबायची नवी पद्धत जाहीर केली आणि सहा किलोबिटवर तिचा दर्जा २०१२ पासून चालत आलेल्या ओपसपेक्षा जवळपास दुप्पट असल्याचं सांगितलं. जुन्या, हलक्या फोनवरही ती चालावी हा त्यामागचा उद्देश होता. आवाजाच्या प्रत्येक तुकड्याला पत्ता चिकटवावा लागतो, त्याने खर्च दोन-तीन पट होतो. तरी तो ६४ च्या मर्यादेत बसतो. म्हणून कोटा संपल्यावरही व्हॉट्सअ‍ॅपचा साधा कॉल लागतो, आणि डेटा वाचवायचा पर्याय चालू असेल तर तो कमी तुटतो.

व्हिडिओ कॉलचं मात्र या वेगावर काही खरं नाही. 'थांबा साहेब, व्हिडिओ कॉलवर शेत दाखवतो' म्हणून सुरू केलेल्या कॉलमध्ये चित्र गोठतं आणि जाता जाता आवाजही घेऊन जातं. चित्र अडकलं की कॉल न कापता कॅमेऱ्याचं बटण बंद करावं, आवाज बहुतेक परत येतो. दुसरं कारण तपासावं ते मागे चाललेल्या पाठवणीचं. एखाद्या व्हिडिओवर चक्र फिरत असेल तर तो सगळी वाट अडवून बसतो. त्या चक्रातल्या फुलीवर बोट ठेवून पाठवणं थांबवलं की कॉल सुधारतो.

खरं सांगायचं तर देशातल्या देशात बोलायला डेटा वाचवायचा उत्तम पर्याय म्हणजे साधा फोन. पॅकमध्ये बोलणं अमर्याद असताना कृषी सहायकाला व्हॉट्सअ‍ॅप कॉल करून डेटा घालवण्यात काय हशील? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने तर डेटाशिवायचे, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला कंपन्यांना भाग पाडलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या साध्या फोनला ते बरे. लेक किंवा मुलगा परदेशात असेल तिथे मात्र व्हॉट्सअ‍ॅप कॉलला पर्याय नाही, आणि हे सेटिंग त्यांच्यासाठी कायम चालू ठेवलं तरी नुकसान नाही.

डेटाचा मोठा चोर बहुतेक घरांत कॉल नसतोच. तो असतो गटांतून आपोआप उतरणारे व्हिडिओ. त्याच `Storage and data` पानावर `When using mobile data` खाली व्हिडिओपुढची टिकली काढून टाकली की सकाळच्या शुभेच्छांचे व्हिडिओ आपण बोट लावेपर्यंत उतरत नाहीत. गटात कुणी HD फोटो टाकला तरी कमजोर नेटवर्कवर आधी साधा फोटो बघून, हवा असेल तरच HD उतरवता येतो.

वरोऱ्याच्या शेतकऱ्याने फोनमध्ये आज काय बदलावं?

कॅमेऱ्याचं लोकेशन चालू, अपलोडचा दर्जा HD, कॉलचा डेटा कमी, व्हिडिओचं आपोआप उतरणं बंद. या चार बदलांना दहा मिनिटं पुरतात. त्यानंतर बांधावरचा एक फोटो डॉक्युमेंट म्हणून घरच्याच दुसऱ्या फोनवर पाठवून तिथे नकाशा दिसतो का ते पाहावं. दिसला, तर तो रस्ता सेवा केंद्रवाल्यालाही सांगून ठेवावा, कारण हंगामात त्याच्याकडे रोज पन्नास लोकांचे WA नावाचे फोटो येतात आणि ते परत मागवायला त्याला वेळ नसतो. नाही दिसला, तर फोन घेऊन थेट केंद्रावर जावं आणि केबल लावून मूळ फोटो संगणकावर घ्यायला सांगावं. केबलीतून चिठ्ठी गळत नाही.